पांढऱ्या खिडकीतली पाठ

टीव्हीवाल्याला सगळे ‘काळेपांढरे’ म्हणत. आडनाव नव्हे, चेष्टा. कुणाच्याही घरी गेला की चहाआधी म्हणायचा, “आधी काळा बघू, मग पांढरा.” चित्रनळीच्या काळापासून टीव्ही दुरुस्त करून त्याची पाठ वाकली होती. आता सपाट पडद्यात दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून तो लोकांची चित्रं नीट लावून देत फिरे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की त्याचं डोकं फिरायचं. “भूत नाही, सेटिंग आहे!” असं तो ठणकावून सांगायचा.

त्या दिवशी बोलावणं आलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या सुनेचं. बाईंचे यजमान वारले त्याच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याने अंगणात त्यांचं चित्रण केलं होतं. सकाळी ते उठलेच नाहीत. तेव्हापासून बाई रोज ते चित्रण लावून बसत.

“त्यात म्हणे कुणीतरी आहे,” सून दारातच कुजबुजली. “आईंनी शिवण सोडलंय, जेवण सोडलंय. तुम्ही एकदा बघा हो.”

काळेपांढरेने पाहिलं. चित्रणाला आवाज नव्हता; पडद्यावर म्हातारबुवा खुर्चीत बसून हसत होते. मागे कोठीचं उघडं, काळोखं दार आणि त्याला लागून दिवा लागलेली खिडकी. बोलता बोलता ते मागे वळले, हात वर केला आणि ‘ये’ अशी खूण केली. काळोखात राखाडी काहीतरी वळवळत होतं. डोकं, खांदा... मन लावून पाहिलं तर माणूसच. त्याच्याही अंगावर काटा आला. मग स्वतःचाच राग आला.

“दिसला ना?” बाई म्हणाल्या. “न्यायला आलाय. आणि हे त्यालाच बोलावतायत. मला सोडून त्याला! कोण आहे तो, एवढंच मला कळू दे. मग मी काही मागत नाही.”

“कळेल, ताई. आधी काळा बघू.”

चित्रण पेनड्राइव्हवर होतं. त्याने आपल्या पेनड्राइव्हवरची चाचणीचं चित्र त्याच खाचेतून लावलं, कारण या टीव्हीत प्रत्येक जोडणीचं सेटिंग वेगळं राहतं. असं चित्र इंटरनेटवर फुकट मिळतं. पडदे ओढले. टीव्ही अजून दुकानातल्या भडक मोडवरच होता, तो साध्या मोडवर आणला. तरी आकडे कुणीतरी चढवून ठेवलेले होतेच.

“उजेड मीच वाढवला,” बाई म्हणाल्या. “नीट दिसावं म्हणून.”

चाचणीच्या चित्रात काळ्यावर काळ्या पट्ट्या होत्या. शुद्ध काळ्याहूनही गडद, एरवी दिसूच नयेत अशा पट्ट्या दिसत होत्या, म्हणजे ब्राइटनेस फार. तो एकेक घर खाली आला. त्या पट्ट्या विरल्या, त्यांच्या लगतची पहिली उजळ पट्टी जेमतेम उरली, तिथे थांबला. मग पांढरा. तिथे पट्ट्याच नव्हत्या, नुसता चुन्याचा सडा. कॉन्ट्रास्ट उतरवत नेला तशा एकेक वेगळ्या झाल्या. शेवटी शार्पनेस: काळ्या रेघांच्या कडेला उगाच उमटलेली पांढरी किनार जाईपर्यंत कमी केला, रेघा पुसट व्हायच्या आत थांबला.

“आता लावा तुमचं,” तो विजयी सुरात म्हणाला.

कोठीचं दार काळंभोर दिसलं. आत कुणी नव्हतं. राखाडी डाग नाहीत, त्यांना खांद्याचा आकार देणारी किनार नाही. सुनेने सुस्कारा सोडला. काळेपांढरे ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर शेजारी गेली.

इतके दिवस नुसती पांढरी फटक दिसणारी खिडकी आता भरली होती. गज दिसत होते. गजांमागे शिवणयंत्र, आणि यंत्रापाशी पाठ करून बसलेली एक बाई. तिचा अंबाडा, निळा पदर, सगळं स्पष्ट.

म्हातारबुवा वळले. हात वर केला. ये. खिडकीतली पाठ हलली नाही. त्यांनी थोडा वेळ हात तसाच धरला, मग हसून खाली घेतला.

“आई, या तर तुम्हीच,” सून म्हणाली.

बाई पडद्याजवळ सरकल्या. मग हळू म्हणाल्या, “रुसले होते मी. चहा गार झाला म्हणून बोलले होते ते. त्यांनी हाकही मारली होती, मला ऐकू आली होती हो. वाटलं, येतील आत, मनवतील.”

काळेपांढरेने रिमोट खाली ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, तिथे भूत असतं तर बरं झालं असतं.

“पहिल्यासारखं करा,” बाई म्हणाल्या.

त्याने कॉन्ट्रास्ट पुन्हा चढवला. गज गेले, यंत्र गेलं, पाठ गेली. मग ब्राइटनेस आणि शार्पनेसही वर नेले. खिडकी कोरी पांढरी झाली आणि शेजारच्या काळोखात तो राखाडी माणूस पुन्हा वळवळू लागला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या खिडकीकडे बघत राहिल्या.