परत घेतलेली मुलाखत

एका शुद्ध मराठी शब्दानं मी एका मुलीची नोकरी जवळजवळ घालवली होती. शब्द चुकीचा नव्हता, हीच तर गंमत. माझ्या पत्रात चूक काढून दाखवा, म्हणून मी तेव्हा कुणाशीही पैज लावली असती. मोठी शहाणी होते ना!

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. नाशकात आमच्या संस्थेच्या ऑफिसात उमेदवारांचा पत्रव्यवहार माझ्याकडे असे. घोटीकडच्या अकरा बालवाड्यांसाठी पर्यवेक्षिका हवी होती. एका मुलीचा अर्ज उत्तम होता, पण तिचं बाळ दीड महिन्याचं. एसटीनं येणं नको, म्हणून आमच्या सरांनी नवी टूम काढली. ती घोटीच्या सायबर कॅफेत बसेल, आम्ही इथं, मुलाखत संगणकावर.

सोमवारी पहिल्याच प्रश्नाला तिचं चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला. आवाज मात्र येईना. मी प्रश्न पुन्हा विचारला, मग मोठ्यानं, मग ओरडून, जसं काही घोटीपर्यंत हाकच पोचवायची होती.

"हिला बोलता तरी येतं का?" मी सरांना म्हणाले.

"अहो, लाइन गेलीय," सर म्हणाले. "आपले दोनच तर प्रश्न आहेत. पंधरा मिनिटं पुन्हा बोलू तिच्याशी. कळवा तिला. शुक्रवारी दुपारी यादी विश्वस्तांकडे जायची आहे."

मी लगेच ई-मेल लिहिला. "तांत्रिक कारणास्तव आपली मुलाखत परत घेण्यात येत आहे. कृपया नोंद घ्यावी." किती वेळ बोलायचं, कधी, कशावर, काही नाही. दोन ओळींत काम संपवल्याचा आनंद इतका, की प्रत काढून फाइलला लावली आणि चहा मागवला.

मंगळवार गेला, उत्तर नाही. बुधवारी मी दर अर्ध्या तासानं ई-मेलची पेटी उघडायला लागले. जेवणाचा डबा तसाच राहिला. आधी रागच आला, गरज तिला की मला? गुरुवारी राग उतरला आणि भीती वाटायला लागली. पोचलाच नसेल तर? बाळ आजारी असेल तर? यादीत दुसऱ्या उमेदवाराचं नाव टंकायला सुरुवात केली, तीन अक्षरं झाली, पुसली. पुन्हा टंकली. खिडकीपाशी गेले, परत आले. शेवटी अर्जावरचा मोबाइल नंबर फिरवला. हे मंगळवारीच करायला हवं होतं, पण लेखी ते पक्कं, अशी माझी घमेंड.

"आमचं पत्र मिळालं नाही का तुला?"

"मिळालं ना मॅडम."

"मग उत्तर?"

"उत्तर काय द्यायचं? तुम्ही मुलाखत परत घेतली. दिलेली वस्तू परत घेतात, तशी."

मी फाइल ओढली. प्रत उघडून वाचली. परत घेण्यात येत आहे. पुन्हा वाचली. अगंबाई, खरंच की!

"अगं, परत म्हणजे पुन्हा! पुन्हा बोलायचंय!"

"मग पुन्हा लिहायचं ना," ती म्हणाली. "आणि मला तुमचं सगळं ऐकू येत होतं. हिला बोलता येतं का म्हणालात, तेबी. मी इकडं घसा फोडून बोलतेय अन् तुम्हाला काही जाईना. म्हणलं, नापास केलं, आता वरून पत्र धाडलं."

मी माफी मागितली, लगेच नीट ई-मेल पाठवते म्हणाले. ती "हं" म्हणाली, एवढंच. त्या "हं"मधून काही कळेना.

दुसरा ई-मेल मी सहा वेळा लिहिला. शेवटी असा झाला: "सोमवारी तुमचा आवाज आमच्यापर्यंत पोचला नाही. यात तुमची काही चूक नाही आणि त्याचा निवडीवर परिणाम होणार नाही. राहिलेल्या दोन प्रश्नांवर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. उद्या, शुक्रवारी, सकाळी दहा किंवा अकरा, तुम्हाला जमेल ती वेळ कळवा. लाइन पुन्हा गेली तर आम्ही लगेच तुमच्या मोबाइलवर फोन करू, तुम्ही काही करायचं नाही." पाठवण्याआधी सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?" मी चष्मा पुसत बसले.

तासाभरात उत्तर आलं, "अकरा."

शुक्रवारी अकराला चित्र आलं आणि चौथ्या मिनिटाला गेलं. फोन मी हातातच धरून बसले होते. बाकीचं बोलणं फोनच्या स्पीकरवर झालं. बालवाडीताई रोज उशिरा येत असेल तर काय कराल, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, "आधी तिच्या घरी जाऊन बघीन, पाणी किती लांबून आणते ते." सर हातातलं पेन खाली ठेवून ऐकत राहिले.

यादी तीन वाजता गेली. पुढच्या आठवड्यात मंजुरी आली, आणि या वेळी कागदाला हात न लावता मी थेट फोन केला. एक तारखेपासून रुजू व्हायचं, म्हटलं.

ती म्हणाली, "येते मॅडम. पण लेकरू संगं आणीन, ते आत्ताच सांगते, मागून मला लेखी कळवू नका."