नऊबाईंचे एकशे अठरा नऊ

नऊबाई, हे पत्र तू वाचलंस तर पहिल्यांदा तारीख तपासशील आणि मग सही. दोन्ही मागच्या बाजूला घातल्या आहेत. थोरली जाऊ म्हणून तुला पुष्कळ ऐकवलं, पण तुझ्याबद्दल चार माणसांना कधी काही सांगितलं नाही, ते आता सांगते. तुझीच गोष्ट तुला काय सांगायची! म्हणून पत्र तुला, आणि गोष्ट बाकीच्यांना. मध्ये बोलू नकोस.

तर ही बाई मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं होती. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली लांबच लांब खोली. लोखंडी मांडण्या छतापर्यंत, ट्यूबलाइट दोन, त्यातली एक कायम फडफडणारी. फाइल मागायला येणारा माणूस घाईत असायचा आणि ती कधीच घाईत नसायची. नंबर नीट सांगा, म्हणायची. नंबर सांगितला की पाच मिनिटांत फाइल हातात. तिच्या हातून एक फाइल कधी चुकीच्या फडताळात गेली नाही, असं तिच्याशी भांडणारेसुद्धा कबूल करत.

नऊबाई हे नाव तिला शेवटच्या दोन वर्षांत पडलं. सर्जरी विभागाच्या एका डॉक्टर मुलीला प्रबंध करायचा होता. शेवटचं वर्ष, गाइड विभागाचे मोठे सर. विषय असा: पोटाच्या ऑपरेशनआधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन वेळेवर दिलं जातं का, आणि नंतर जखम चिघळते का. नवीन रोगी घ्यायचे नाहीत, जुन्या फाइली उघडून बघायचं. तीन वर्षांतल्या तीनशे चाळीस फाइली, सगळे मोठे रोगी, लहान मुलं वगळून. फाइली वाचायच्या आणि एक्सेलमध्ये भरायच्या. मुलीला वॉर्डातून उसंत नव्हती, तेव्हा भरायचं काम हिच्यावर आलं. त्याचे जादा पैसे काही नव्हते. सरांनी सांगितलं होतं, पेपर छापला की आभारात नाव घालू.

हिने काम मनावर घेतलं. आधी दहा फाइली भरून बघितल्या आणि मुलीला सांगितलं, डॉक्टर, असं चालणार नाही, आधी नियम लिहू. मग दोघींनी एक्सेलच्या दुसऱ्या पानावर नियम लिहिले. एका रोग्याची एकच ओळ, एका गोष्टीचा एकच रकाना. रोग्याचं नाव नाही, फक्त अभ्यासाचा नंबर. कुठला नंबर कुठल्या फाइलचा, ती यादी वेगळी आणि कुलपात. रकाना रिकामा सोडायचा नाही, कारण रिकामा रकाना बघून नंतर कळत नाही की माहिती नव्हती की भरणाऱ्याला डुलकी लागली होती. आणि इंजेक्शनच्या रकान्यात तीनच आकडे. चीर घेण्याआधी तासाभराच्या आत दिलं आणि तशी वेळ लिहिली आहे, तर एक. त्याहून आधी दिलं, चिरेनंतर दिलं, किंवा दिलंच नाही असं लिहिलंय, तर शून्य. आणि फाइलमध्ये वेळच नाही, तर नऊ.

नऊ म्हणजे ठाऊक नाही. फाइलीत लिहिलं नाही म्हणजे दिलं नाही असं नव्हे, आणि दिलं असंही नव्हे. कितीदा नर्सने कागदावर नुसती बरोबरची खूण केलेली असायची, वेळ नाही. मुलगी म्हणायची, मावशी, खूण आहे की, एक टाका. ही म्हणायची, केव्हा दिलं ते खूण सांगते का? मग नऊ.

असे नऊ भराभर वाढत गेले तसं तिचं नाव पडलं. घरीसुद्धा. कोण आलं होतं विचारलं की म्हणायची, नोंद नाही. माझे धाकटे दीर वैतागून म्हणायचे, हिच्या लेखी माझं प्रेमसुद्धा नऊ! ती भांडी विसळता विसळता म्हणायची, वेळ लिहून ठेवायची होती.

आठ महिन्यांत तीनशे चाळीस ओळी झाल्या. रोज किती फाइली झाल्या, त्यात किती एक, किती शून्य, किती नऊ, हे ती एका शंभरपानी वहीत लिहायची. नाव नाही, नंबर नाही, नुसते आकडे, शेवटी बेरीज. एक आले एकशे एकाहत्तर, शून्य एकावन्न, नऊ एकशे अठरा. म्हणजे शंभरातल्या पस्तीस फाइलींत वेळच लिहिलेली नव्हती. तिला वाटलं, एवढं कळलं तर वॉर्डाच्या कागदावर वेळेची एक चौकट छापतील. तेवढीच तिची अपेक्षा, आभारांत नाव राहिलं बाजूला. चौकट कशी असावी तेही तिने वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवलं होतं, पट्टीने.

सरांनी आकडे बघितले आणि चष्मा काढला. आमच्या विभागात इंजेक्शन दिलंच जातं, ते म्हणाले, हे नऊ सगळे एक करा. मुलीने खाली येऊन तिला सांगितलं. ही म्हणाली, फाइल माझी नाही, विभागाची नाही, रोग्याची आहे. तिच्यात नाही ते मी घालणार नाही. तुम्हाला घालायचं तर नियमाच्या पानावर तसं लिहा, खाली सही करा आणि मग घाला.

कोणी सही केली नाही. प्रबंध द्यायला आठवडा राहिला होता. मुलीने एका दुपारी रेकॉर्ड रूमच्या संगणकावर बसून शोधा-बदलाची खिडकी उघडली. नऊ शोध, एक घाल, सगळीकडे. पूर्ण रकाना जुळला तरच बदल, ही खूण करायची राहिली. एका क्षणात साऱ्या पानावरचा प्रत्येक नऊ एक झाला, मग तो कुठेही असो. एकोणचाळीस वर्षांचा माणूस एकतीसचा झाला. नव्वद वर्षांची म्हातारी दहा वर्षांची झाली. एकोणिसाव्या नंबरचा रोगी अकराव्या नंबरचा झाला, आणि अकरावा तर आधीच होता. ज्या ऑपरेशनच्या सालाच्या शेवटी नऊ होता ती आठ वर्षं मागे गेली. मुलीने फक्त इंजेक्शनचा रकाना बघितला, तो स्वच्छ दिसला, आणि तिने त्याच फाइलवर साठवून टाकलं. दुसरी प्रत नव्हती. रोग्यांची माहिती घरी न्यायची नाही, पेनड्राइव्हवर घ्यायची नाही, हा नियम हिनेच लिहिला होता आणि हिनेच पाळला होता.

आकडेमोड करणाऱ्या बाहेरच्या माणसाचा दुसऱ्या दिवशी सरांना फोन आला. मोठ्यांच्या अभ्यासात दहा वर्षांची मुलगी कशी, आणि अकरा नंबर चारदा कसा? सरांनी दोघींना वर बोलावलं. खोलीत थंड हवा, खुर्च्या दोनच, दोन्हींवर फाइली. ह्या दोघी उभ्या.

"भरलं कोणी?" सरांनी विचारलं.

मुलगी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "मावशींनी."

खोटं नव्हतंच ते. भरलं हिनेच होतं. हिने मुलीकडे एकदा बघितलं आणि सरांना म्हणाली, "मी भरलेले एकशे अठरा नऊ कुठे गेले, तेवढं सांगा. बाकीचं मी पुन्हा भरते."

"तुम्ही आता काहीच भरू नका," सर म्हणाले.

पुढच्या सोमवारी तिला कपडेखान्यात पाठवलं. चादरी मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. कागदावर कारण लिहिलं होतं, नोंदीतील गंभीर हलगर्जी. एकतीस वर्षांनी. निवृत्तीला चौदा महिने होते. मुलीने कुलपातली यादी आणि फाइली काढून वयं, नंबर, तारखा चार रात्रींत दुरुस्त केल्या. इंजेक्शनचा रकाना मात्र होता तसा ठेवला. प्रबंध पास झाला, पेपर छापून आला: शंभरातल्या पंच्याऐंशी रोग्यांना इंजेक्शन वेळेवर. जखमा चिघळल्या त्या रोग्यांच्या अस्वच्छतेमुळे असाव्यात, असंही त्यात होतं. आभार प्रयोगशाळेचे होते, ग्रंथालयाचे होते.

ती रडली वगैरे नाही. मुलगी एकदा कपडेखान्यात येऊन, मावशी, माझा नाइलाज होता, म्हणाली. ही चादरी मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "डॉक्टर, आता शिकलात ना? पूर्ण रकाना जुळवा, ती खूण करत जा." आणि गठ्ठा बांधला. एवढंच. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडले. दोन थोबाडीत द्यायच्या सोडून शिकवत बसली.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, कारण पुढचं फक्त तुझं माझं आहे.

त्या महिन्यात तू माझ्याकडे ती शंभरपानी वही घेऊन आलीस. वर एक पानभर अर्ज, तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात. म्हणालीस, वहिनी, तुम्ही दर महिन्याला डोळे दाखवायला जाता, त्याच इमारतीत एथिक्स कमिटीची, संशोधनातल्या गैरप्रकारांच्या तक्रारी घेतात तिची, खिडकी आहे, अकरा ते एक. मला कपडेखाना सोडता येत नाही. तेवढी वही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

मी गेले. खिडकीपाशी पोचले, पुढे दोनच माणसं होती. वही पिशवीत होती. आणि नऊबाई, पुढच्याच महिन्यात ह्यांचं, तुझ्या थोरल्या दिरांचं, हर्नियाचं ऑपरेशन त्याच सरांकडे ठरलं होतं. मी परत फिरले. डोळ्यांत थेंब घातलेत, दिसत नाही, असं स्वतःला सांगत रिक्षात बसले. थेंब घातले होते, ते खरं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी स्ट्रेचरपाशी उभी होते. नर्सने इंजेक्शन दिलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. वेळ लिहिली नाही. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी ते पदराखाली घेतलं.

तू फक्त एकदा विचारलंस. "दिलीत का, वहिनी?"

"दिली," मी म्हणाले.

"पोच?"

"म्हणाले, लागत नाही."

 तू बरं म्हणालीस आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलीस. त्यानंतर ना तू कधी विचारलंस, ना मला कधी काही काम सांगितलंस.

वही माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात, रेशमी साड्यांच्या खाली. खिडकी अजून अकरा ते एक उघडी असते. मी काल डोळे दाखवायला गेले होते.