गोडबोल्याची पपई

मंडईत त्यांना तोंडावर काकू म्हणत आणि पाठ फिरली की फौजदारीण. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जरा जास्त आवडायचं.

त्यांची खानावळ होती. भाजी निवडायचं काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. पावसाळ्यात तर त्यांची नजर आणखी कडक व्हायची. पालेभाजी बंद, कारण पानांच्या बेचक्यात चिखल अडकतो, अळ्या दडतात, आणि ताजी दिसावी म्हणून वरून कसलंही पाणी मारतात. फ्लॉवरचे गड्डेही बंद. दुधी, दोडका, पडवळ चालू, पण तेही वाहत्या पाण्याखाली चोळून, कोरडं पुसून, मगच सुरीखाली. पिचलेला टोमॅटो फुकट दिला तरी त्या पिशवीत घेत नसत. फळ घ्यायचं तर अख्खं घ्यायचं आणि घरी धुऊन कापायचं.

एवढी जपणारी बाई, आणि घात झाला तो त्यांच्याच घरात. गेल्या पावसाळ्यात गरोदर लेक त्यांच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी खानावळ गर्दीनं भरलेली असताना लेकीला पपई खावीशी वाटली, आणि मंडईच्या तोंडाशी गाडा लावणाऱ्या फळवाल्याकडून ती कापलेल्या फळांची प्लेट घेऊन आली. रात्रीपासून उलट्या, जुलाब. दवाखान्यात त्याच गाड्यावर खाल्लेली आणखी चार माणसं शेजारच्या खाटांवर होती. लेक वाचली. पोटातलं बाळ गेलं.

त्या फळवाल्याला सगळे गोडबोल्या म्हणत. "या ताई, थंडगार घ्या ताई," असं तो इतक्या लाघवानं म्हणायचा की माणूस नाही म्हणायला लाजायचा. सकाळी कापलेल्या फोडी संध्याकाळपर्यंत उघड्यावर. खाली बर्फ, तो मासळी ठेवायच्या लादीचा, गोणपाटावर फोडलेला. सुरी बुचकळायची बादली एकच, तिचं पाणी दुपारी गढूळ व्हायचं. काकूंनी तक्रार केली. तपासणीला माणसं आली त्या दिवशी गाडा नव्हता. दुसऱ्या दिवशी होता.

मग काकूंनी ठरवलं, याला आपणच पाणी पाजायचं. रोज भाजी घेऊन झाली की त्या गाड्याशेजारी छत्री उघडून उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "कापलेलं घेऊ नका हो, माश्या बघा, बादली बघा." लेकीच्या दुखण्यानं त्यांचं काळीज जळत होतं आणि ती जळजळ त्यांना हवीच होती. हा देशोधडीला लागलेला बघितल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती.

गोडबोल्या हसायचा. "काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय," म्हणायचा, आणि गिऱ्हाइकंही हसायची.

एका संध्याकाळी गाड्याभोवती चांगलीच गर्दी होती. काकूंनी एक प्लेट विकत घेतली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"खा."

"काय?"

"तुझाच माल आहे ना? सगळ्यांसमोर खा. मी उद्यापासून इथं उभी राहणार नाही."

गोडबोल्यानं हात जोडले. "काकू, मला शुगर आहे हो. डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

सगळे खो खो हसले. काकूंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी प्लेट गाड्याच्या कडेवर ठेवली. डाव हातातून गेला होता.

तेवढ्यात शाळा सुटून गोडबोल्याची पोरगी आली. पावसात भिजलेली, भुकेलेली. "बाबा," म्हणत ती गाड्याला टेकली आणि समोरच्या प्लेटमधली पपईची फोड तिनं उचलली.

काकूंनी ते पाहिलं. एक हाक पुरली असती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. होऊ दे, त्यांच्या मनात आलं, कळू दे याला.

फोड पोरीच्या ओठांपाशी गेली आणि गोडबोल्यानं फाडकन तिच्या हातावर मारली. फोड चिखलात पडली.

"हे खायचं नाही म्हणून सांगितलंय ना! घरी अख्खी ठेवलीय तुझ्यासाठी!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. गाड्याभोवती कुणी हसेना. कुणीतरी तोंडातला घास थुंकला. एकेक प्लेट गाड्यावर परत येऊ लागली.

इतके दिवस काकू त्याला गलिच्छ समजत होत्या, निष्काळजी समजत होत्या. त्याला सगळं माहीत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या पुढे झाल्या. आवाज चढला नाही.

"माझ्या लेकीच्या हातावर का नाही मारलीस रे?"

पोरगी हात चोळत रडत होती. काकूंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, तिचा हात धुतला, पदरानं पुसला. पण तिच्या डोळ्यांकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

मग त्या गोडबोल्याकडे वळल्या.

"ओत."

त्यानं फोडींचं एकेक ताट गटारात उलटं केलं. शेवटची फोड पडेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत.