पोळ्याच्या सकाळी निवळलेलं तळं

पुंडलिकरावांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं गाव म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला! हिंगणघाटच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर म्हणून राबलेल्या माणसाला येताजाता कोणी 'शिपाई' म्हटलं, तर तो काय आरती ओवाळेल? पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या लावून देणं हे त्यांचं काम. डिग्री नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, पण तळ्यातल्या पाण्याचा थेंब बघून त्यात कोण राहतं हे ते नव्या मास्तरांच्या आधी सांगत. रिटायर झाल्यावर अल्लीपूरच्या बाजूच्या आपल्या गावात येऊन राहिले, आणि गावाने त्यांचं ज्ञान पानठेल्यावर ऐकण्यापुरतं ठेवलं.

यंदा श्रावणात तळं हिरवं झालं. साधं हिरवं नाही, डिस्टेंपरचा डबा उलटा केल्यासारखं. वारा ज्या काठाला ढकलेल तिथे जाड साय धरायची आणि तिचा घाण वास सुटायचा. तळ्याच्या वरच्या अंगाला सरपंच मुकेशच्या कोंबड्यांच्या दोन शेड आहेत. त्यांच्या खताचा ढीग उघड्यावर, आणि पाऊस आला की सगळा ओघळ सरळ तळ्यात. गावचं सांडपाणी होतंच जोडीला.

पुंडलिकरावांनी काचेच्या बरणीत ते पाणी भरलं आणि सरपंचाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तासाभरात हिरवा थर वर तरंगून आला.

"पाह्य, हे शेवाळ नोहे," ते म्हणाले. "शेवाळ असतं तं खाली बसलं असतं. हे निळे-हिरवे जिवाणू होत, सायनोबॅक्टेरिया. यायच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून वर येतात, ऊन खातात आन् खालच्यायचं ऊन अडवतात. झाडासारखं उन्हावर आपलं जेवण आपणच करतात. तुह्या खतातलं फॉस्फरस आन् नत्र भेटलं, ऊन भेटलं, वाऱ्यानं पाणी ढवळलं नाई, का झाली यायची जत्रा. यातले काही जहरी असतात. ढोरं पाजू नका आन् खताचा ढीग झाका."

"काका, ढीग माह्या बापाच्या काळापासून तिथंच हाये," मुकेश हसत म्हणाला. बरणी त्याने गटारीत ओतली. पुंडलिकराव तणतणत घरी आले. नंतर लेकीचं बोलावणं आलं, म्हणून समुद्रपूरला गेले.

ते परत आले पोळ्याच्या सकाळी, पहिल्या एसटीने. फाट्यावरून चालत येताना तळं दिसलं आणि त्यांचे पाय जागीच थांबले. पाणी निवळलं होतं. साय नाही, हिरवा रंग नाही, काठाशी फक्त पिवळट फेस. घाटावर बैल धुणं चाललं होतं. आदल्या संध्याकाळी याच बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं हात जोडून सांगितलेलं. धुऊन झालं की बैल मान खाली घालून पोटभर पाणी पीत होते.

मुकेश नव्या टोपीत घाटाच्या पायरीवर उभा होता.

"काय टाकलं तळ्यात?" पुंडलिकरावांनी लांबूनच विचारलं.

"मोरचूद. तीन दिवस झाले. पोतंभर आणलं आन् टाकलं. पाहा कसं आरशावानी झालं!"

"अरे हरामखोरा, कोणी सांगतलं तुले हे?"

"तुमीच तं सांगतलं, काका! गेल्या उन्हाळ्यात, पानठेल्यावर. कॉलेजातली काचेची टाकी हिरवी झाली का चिमूटभर मोरचूद टाकाचो, दोन दिवसांत साफ, असं नाई म्हटलं तुमी?"

म्हटलं होतं. चार माणसं 'वा' म्हणत होती, तेव्हा छाती फुगवून म्हटलं होतं. पुढचं मात्र म्हटलं नव्हतं. टाकी साफ झाली की सरांच्या सांगण्यावरून त्यातलं सगळं पाणी फेकून द्यायचे, कारण या जिवाणूंचं विष ते जिवंत असेपर्यंत बरंचसं त्यांच्या पेशीतच कोंडलेलं असतं. मोरचूद पेशी फोडतं आणि ते विष पाण्यात मोकळं होतं. डोळ्याला दिसत नाही, उकळून जात नाही, कित्येक दिवस टिकतं. साय असताना ढोरं निदान वासाने मागे तरी सरत होती. एवढी महत्त्वाची गोष्ट सांगितली असती, तर फुशारकीची मजा गेली असती ना! पुंडलिकरावांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पण त्याला वेळ नव्हता. ते घाटावर धावले, समोर येईल त्या बैलाच्या तोंडावर चप्पल मारून त्याला मागे हटवू लागले. "बाहेर काढा! जहर हाये पाण्यात! आवतण देऊन जहर पाजता काय बैलायले?" सणाच्या दिवशी बैलाला चप्पल मारणारा माणूस लोकांनी कधी पाहिला नव्हता. दोघांनी त्यांची कॉलर धरली. काहींनी मात्र घाबरून बैल ओढले.

त्यांच्या घराशेजारच्या अनुसयाबाई पाण्यात गुडघाभर उभ्या होत्या. विधवा बाई, तीन एकर स्वतःचे आणि बाकी दुसऱ्यांच्या शेतात बैलजोडीने वखरणी-डवरणी. जोडीतला काळा-पांढरा बांड्या म्हणजे घरातला कर्ता माणूसच. "भाऊजी, आता ओरडून राह्यले," त्या म्हणाल्या. "मघापासून पिऊन राह्यला तो."

बांड्याने संध्याकाळी पुरणपोळीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत गावातले दोन बैल मेले. बांड्या जगला, पण सणानंतर आठवड्याने त्याच्या अंगावरची पांढरी ठिगळं लाल झाली, फुटली, आणि चामडी सालपटासारखी सुटू लागली. काळ्या ठिगळांना काहीच नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर आकांक्षा म्हणाल्या, "याचं यकृत गेलंय. हिरव्या चाऱ्याच्या हरितद्रव्यापासून पोटात जे रंगद्रव्य बनतं, ते यकृत बाहेर टाकतं. आता ते रक्तात साचतंय आणि ऊन लागलं की कातडी जाळतंय. हिरवा चारा बंद. उन्हात आणायचा नाही."

"मंग वखर कोण ओढन?" अनुसयाबाईंनी विचारलं. डॉक्टर सोललेल्या कातडीवर मलम लावू लागल्या.

मेलेल्या बैलांचा पंचनामा ग्रामपंचायतीत झाला; लिहायला डॉक्टर आकांक्षा बसल्या होत्या. मुकेशने पुंडलिकरावांना बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, अज्ञात विषबाधा लिहू. मोरचुदाचं लिहिलं तं पहिले तुमचं नाव निघन. कॉलेजातल्या माणसानं गाव मारलं म्हनतीन."

एकतीस वर्षांची इज्जत होती ती, आणि मुकेशला ते बरोबर ठाऊक होतं. पुंडलिकरावांचे कान तापले.

"डॉक्टर, लिवा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मोरचूद टाकायचं अर्धवट ग्यान पुंडलिकनं देल्लं. अर्धीच गोष्ट सांगतली, हे बी लिवा. मंग लिवा का तळ्याले कोंबडीखत चारणारा मुकेश, आन् मोरचूद वतणारा बी मुकेश. पाणी तपासाले पाठवा. आता करा सह्या."

मुकेशने सही केली नाही. पुंडलिकराव आणि डॉक्टरांसोबत आणखी तिघांनी केली. तळ्यावर 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लागली, आणि शेडमागचा ढीग अजून उघडाच होता.

पुंडलिकराव कागदाची प्रत घेऊन अनुसयाबाईंच्या गोठ्यात गेले. बांड्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा होता, कुडाच्या भिंतीतल्या फटीतून येणाऱ्या उन्हापासून अंग चोरून. त्यांनी कागद पुढे केला.

अनुसयाबाईंनी तो घेतला नाही. "तुमच्या सहीनं माहा बांड्या उन्हात निघते काय, भाऊजी?"

"नाई, वयनी," पुंडलिकराव म्हणाले. कागद खिशात कोंबून ते खाली बसले आणि कुडाची फट शेणमातीने लिंपू लागले.