आभारकाकांचं नेहमीचं वाक्य

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून वाचनालयाच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटी आभार मानायला काकांनाच उभं करत. म्हणून पोरंसोरंही त्यांना आभारकाका म्हणत. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग देणगीदार, हॉल देणारे, माइकवाले, कार्यकर्ते आणि शेवटी श्रोते. हा क्रम त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. भाषण दोन मिनिटांत आटपायचं, कारण लोकांचं अर्धं लक्ष चहाकडे असतं, हे ते ओळखून होते.

त्या दिवशी नव्या अभ्यासिकेचं उद्घाटन होतं. कपाटांतली पुस्तकं त्यांच्या मुलाची होती. मुलगा चार महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता.

"या वेळी दुसऱ्या कुणाला सांगतो," चिटणीस चाचरत म्हणाले.

"कशाला? मी आहे ना," काका म्हणाले. खरं तर त्यांना काहीच वाटत नव्हतं. मुलगा गेल्यापासून सगळं कापसातून ऐकू आल्यासारखं होतं. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना आतून लाज वाटायची.

अध्यक्षांचं भाषण संपलं तसे ते उठले. अध्यक्षांचे आभार मानले, "वेळात वेळ काढून आले" म्हणत पाहुण्यांचे मानले. मग देणगीदारांची पाळी आली. तोंड सवयीने चालू राहिलं.

"या अभ्यासिकेसाठी आमच्या चिरंजीवांनी आपला ग्रंथसंग्रह दिला. त्यांचे मनःपूर्वक आभार. यापुढेही त्यांचं असंच सहकार्य लाभेल, अशी आशा करतो."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर तोंडाशी नेला. काका क्षणभर थांबले, नेमकं काय झालं ते त्यांना कळेना, आणि ते पुढे गेले. "माइकची उत्तम व्यवस्था करणाऱ्या..."

कार्यकर्ते झाले, श्रोते झाले. "कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये." आज मात्र चहाकडे कुणी धावलं नाही. चिटणिसांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

घरी जाताना काकूंनी विचारलं,

"अहो, तुम्ही काय बोललात, कळलं का?"

"क्रमाने घेतलं सगळ्यांना. कुणी राहिलं का?"

काकूंनी ते वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. काका फुटपाथवर उभे राहिले. आता तरी रडू येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आलं नाही.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"चुकलं," काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. "चला. पाय दुखतायत माझे."

दोघं चालू लागले. वाटेत ओळखीच्या एकाने हात केला. काकांनीही केला.