खुर्चीचा पगार

कराडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. साखर कारखान्यांना लागणारे पंप आम्ही बनवतो. पगारवाढीची तिथली रीत साधी होती. घरात कार्य निघालं की मालकांच्या केबिनमध्ये जायचं. लग्न ठरलं, पाळणा हलला, घराचा स्लॅब टाकला, की मालक घसघशीत वाढ देत आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पेढे येत. बाकीच्यांना दिवाळीनंतर थोडीशी सरसकट वाढ. मी तिथं हिशेब आणि माणसांची कागदपत्रं बघते, आणि एवढ्या वर्षांत मी भरपूर पेढे खाल्ले आहेत.

मग दोन तरुण इंजिनिअरांनी एकमेकांना पगार विचारला. काम एकच, पण एकाचं लग्न झालेलं. दुसरा राजीनामा देऊन पुण्याला गेला. मालक मला म्हणाले, "ताई, ह्याला आता कायतरी शिस्त लावा. कुणाला किती आन् का, ते सांगता आलं पायजे."

मी कामाला लागले. प्रत्येक कामाचं वर्णन लिहिलं. कौशल्य किती लागतं, जबाबदारी किती, मेहनत किती, जागा किती त्रासाची, यावर गुण दिले. गुण माणसाला नाही, त्याच्या खुर्चीला. सारख्या गुणांची कामं एकत्र करून सहा श्रेणी पाडल्या. आसपासच्या कारखान्यांत अशा कामाला काय मिळतं ते विचारून प्रत्येक श्रेणीचा मधला आकडा धरला, त्याच्या खाली किमान आणि वर कमाल. किमान आकडा सरकारी किमान वेतनाच्या खाली जात नाही ना, तेही तपासलं. कागदावर सगळं छान दिसत होतं, आणि मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

टेबलावर मात्र मी गेले की गप्पा थांबायला लागल्या. पूर्वीही सगळ्यांचे पगार मला ठाऊक होतेच, पण तेव्हा मी नुसती लिहून ठेवायची. आता ठरवणारी झाले होते. माझ्याबरोबर जेवायचे ते फक्त आमचे स्टोअरचे काका. माझ्या भाजीला नावं ठेवत ती रोज निम्मी संपवायचे. कराडात माझी एक खोली आहे, भाऊ-वहिनी सांगलीला. दिवसभरात पगाराशिवाय दुसरं काही माझ्याशी बोलणारे तेवढे काकाच.

आणि काकांचाच पगार त्यांच्या श्रेणीच्या कमाल आकड्याच्या वर निघाला. तीन मुलींची लग्नं झाली होती, प्रत्येक लग्नाला वाढ. स्टोअरचं काम वरच्या श्रेणीत ढकलायचा मोह मला झाला. गुण पुन्हा मोजले. पण मग तेवढ्याच गुणांचे डिस्पॅचवाले आणि खरेदीवालेही वर न्यावे लागले असते, आणि पुन्हा कुणाला काही सांगता आलं नसतं. मी काम होतं तिथंच ठेवलं. मालकांना विचारून मीच काकांना सांगितलं की पगार कापणार नाही, पण श्रेणीचा कमाल आकडा तिथवर येईपर्यंत तो वाढणारही नाही. वर्षाला एकरकमी काहीतरी मिळेल, पगारात न धरता.

काकांनी समोरचं स्टॉकचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "ताई, मुली माज्या हायत्या. स्टोअरच्या न्हाईत. तुमचं बरोबर हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते डबा स्टोअरमध्येच खायला लागले. भांडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मालक यादी बघत बसले आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. ती ओळ माझी होती. माझा पगार माझ्याच श्रेणीच्या किमान आकड्याच्या बराच खाली होता. "आवं, तुमी कवा आलाच न्हाई की मागायला," ते म्हणाले. मग जरा अवघडून, "व्हय, तुमच्याकडं तसं कार्यबी कुठलं निघालं न्हाई." त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते फार लागलं. एवढ्या वर्षांच्या माझ्या आयुष्यात कारखान्याला सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

नियमाप्रमाणे मला किमान आकड्यावर आणलं. रीत मोडायला नको म्हणून मी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले आणि टेबलावर खोका उघडला. तेवढ्यात पाणी प्यायला आलेल्या काकांचा चेहरा एकदम फुलला. "ताई, ठरलं का काय?"

"नाही काका. पगार वाढला."

"आन्?"

"एवढंच."

त्यांनी एक पेढा घेतला, नातीसाठी आणखी एक कागदात बांधला आणि ते स्टोअरकडे गेले. बाकीच्यांनीही घेतले. कशाचे, ते कुणी विचारलं नाही. उरलेले मी खोलीवर नेले. ते संपायला बरेच दिवस लागले.