सोडून गेलेले चौदा

उन्नतीला तिची पहिली नोकरी लागली ती चंद्रहासकाकांनी टाइप केलेल्या बायोडेटावर, म्हणून २००९ सालीही ती तुळिंजला त्यांच्याच टायपिंगच्या दुकानात आली. दवाखान्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत ती होती. विक्री झाली की डॉक्टरांना ते वापरायला शिकवायचं आणि वर्ष संपताना त्यांना टिकवायचं, हे तिचं काम. आता दुसऱ्या कंपनीत याच कामाची, 'कस्टमर सक्सेस मॅनेजर'ची जागा निघाली होती.

ती सांगत गेली, काका टाइप करत गेले. सांभाळलेले दवाखाने दोनशे, त्यांचं वर्षाचं काम साठ लाखांचं. नवा दवाखाना सुरू करून द्यायला पूर्वी तीन आठवडे लागत, आता नऊ दिवस. वार्षिक करारांचं नूतनीकरण त्र्याण्णव टक्के. "सोडून गेलेले, गेल्या वर्षी दोनशेतले छत्तीस, यंदा चौदा," म्हटल्यावर मात्र काकांचे हात थांबले.

"गेलेल्यांचं कशाला लिहितेस गं? बायोडेटात स्वतःची पडती बाजू कोण सांगतं?"

"छत्तीसचे चौदा झाले, तीच माझी कमाई आहे काका. गिऱ्हाईक जातं, म्हणजे आमचंच काहीतरी चुकलेलं असतं."

काकांनी कुरकुरत ती ओळ ठेवली. प्रिंट हातात घेताना उन्नतीला चेष्टा सुचली.

"तुमची गिऱ्हाइकं किती गेली हो यंदा?"

"जवळजवळ सगळी," काका ऐटीत म्हणाले. "नोकरी लागली की इथे कोण फिरकतंय? तू तेवढी परत आलीस. म्हणजे मागच्या बायोडेटात माझंच काहीतरी चुकलेलं असणार."